फणी आणि डबी



संयोजकांनी मला 'तुझ्या कामाबद्दल बोल' असं सांगितलं. संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंची डागडुजी हे माझं काम. त्यातली आपल्या वर्गाशी संबंध असलेली एकच गोष्ट सांगतो.

मागच्या दिवाळीत आपल्याच एका वर्गमैत्रिणीने माझ्यापुढे रुमालाची पुरचुंडी सोडली. आत केसात खोवायची एक मोठी फणी आणि पावडरची गोल डबी होती. तिचे आजोबा बोटीवर नोकरीला होते. कोलंबोहून त्यांनी आजीसाठी दोन्ही आणल्या. घरात समज असा, की दोन्ही कासवाच्या पाठीच्या. आता वाटणीत भावाने डबी मागितली होती, कारण ती चकचकीत, आणि हिच्या वाट्याला तडकलेली फणी आली होती. "खरं काय ते एकदाचं सांग," म्हणाली.

आमच्या धंद्यात यावर एक जुनी परीक्षा आहे: सुई लाल करून टोचायची. केस जळल्याचा वास आला तर कवच, कापराचा आला तर सेल्युलॉइड. तरुणपणी मी ती एकदा केली आणि माझ्याच हातातल्या कंगव्याने भपकन पेट घेतला. टेबलाचा डाग अजून तसाच आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस आणि कापूर. ते पेटायला निमित्तच शोधत असतं. तेव्हापासून सुई कपाटात बंद.

त्यामुळे आधी भिंग घेतलं, दहापट मोठं दाखवणारं. खिडकीच्या उजेडासमोर फणी धरली. हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाच्या कवचात तपकिरी रंग हा सलग नसतो. भिंगाखाली तो बारीक गोल ठिपक्यांचा बनलेला दिसतो. डागाच्या मध्यभागी ठिपके दाट, आणि कडेकडेला विरळ होत मधासारख्या पिवळ्या भागात हरवून जातात. फणीत तेच दिसलं. डबीत मात्र रंग ओतल्यासारखा, लाटांसारखा वळलेला होता. ठिपका एकही नाही.

मग कडा पाहिल्या. कासवाच्या पाठीवर मोठे पत्रे तेराच असतात, तेही फार जाड नाहीत. जाड वस्तू करायची तर कारागीर पत्रे गरम पाण्यात मऊ करून एकावर एक दाबतात. गोंद लागत नाही, ते आपसूक जुळतात. म्हणून कडेला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे नागमोडी थर दिसतात. फणीच्या एका कोपऱ्यात असा एक पापुद्रा सुटला होता. ज्याला ती तडा समजत होती तो हाच. शेजारीच बारीक खड्डे होते. लोकरीच्या शालीला कसर लागते ना, तशी कसर कवचालाही लागते, कारण दोन्ही मुळात एकाच जातीच्या प्रथिनाची. सेल्युलॉइडला ती तोंड लावत नाही. डबीची कड एकसंध निघाली.

उष्णतेची परीक्षा शेवटी, तीही अंगठ्याने. डबीचा तळ पंधरा-वीस वेळा जोरात चोळला आणि तिच्या नाकाशी धरला. "अगं बाई, देवघर!" ती म्हणाली. कापूर! फणी चोळली तर काहीच वास नाही. मात्र यावर एकट्यावर विसंबू नका. फार जुन्या सेल्युलॉइडमधला कापूर उडून गेलेला असतो, आणि शिंगाच्या फणीलाही कापराचा वास येत नाही. शिंगावर रंगाने डाग पाडून कवचाची नक्कल करत असत. तिथे फक्त ठिपकेच खरं-खोटं करतात.

म्हणजे फणी खरी, डबी नकली. मला मात्र डबीचीच काळजी जास्त वाटली. तिची पितळी बिजागरी हिरवी पडली होती आणि झाकणाच्या आत जाळीसारख्या बारीक चिरा होत्या. सेल्युलॉइड कुजू लागलं की आम्लाची वाफ सोडतं, ती धातूला खाते आणि शेजारच्या वस्तूंनाही सोडत नाही. इतकी वर्षं दोन्ही एकाच बंद पत्र्याच्या पेटीत!

"मग फणीचे किती येतील?" हा प्रश्न आलाच. काहीच नाही. 1972च्या वन्यजीव कायद्यात हॉक्सबिल पहिल्या परिशिष्टात आहे. त्याच्या कवचाच्या वस्तू विकणं गुन्हा.

तिने घरी जाऊन भावाला सगळं सांगितलं. तरीही त्याने डबीच घेतली, आजी तीच रोज उघडायची म्हणून. आता ती त्याच्याकडे उघड्या फळीवर, देवघराच्या समईपासून लांब ठेवलेली आहे. फणी आज मैत्रिणीच्या अंबाड्यात आहे. तिसऱ्या रांगेत बसली आहे, जेवणाच्या सुट्टीत पाहून घ्या. भिंग मी आणलं आहे.