एक वाटी मीठ म्हणजे नेमकं किती?

आजचा भाग मिठावर आहे. हसू नका, यात माझं एक किलो लोणचं आणि बाबांचं ब्लडप्रेशर, दोन्ही अडकलेलं आहे. कानात इअरफोन असतील आणि स्वयंपाकघर जवळ असेल, तर एक वाटी आणि मिठाचं पाकीट घेऊन बसलात तरी चालेल.

गेल्या मे महिन्यात मी पहिल्यांदा स्वतः कैरीचं लोणचं घातलं. आईला फोन लावला, प्रमाण विचारलं. ती म्हणाली, "अरे, एक किलो फोडींना एक वाटी मीठ." वाटी कुठली, तर तिने मला इकडे येताना दिलेल्या सेटमधलीच. म्हणजे वाटी सेम. मी कैऱ्या पुसल्या, फोडी केल्या, पाकिटातलं बारीक मीठ सपाट एक वाटी भरून घातलं. आठवड्याने चव बघितली आणि तोंड वाकडं झालं. खारट म्हणजे नुसतं खारट नाही, जिभेला झोंबणारं.

आईला पुन्हा फोन. ती म्हणते, "मीठ कुठलं घातलंस?" म्हटलं, "नेहमीचं, पाकिटातलं." ती म्हणाली, "लोणच्याला खडेमीठ घालतात रे, जाडं मीठ. एवढं पण माहीत नाही?"

आता मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे एखादा आकडा एककाशिवाय लिहिला की कधी ना कधी तो गोत्यात आणतोच. इथे तेच झालं होतं. "एक वाटी" हे आकारमान आहे, पण कैरीला कळतं ते वजन. आणि आईच्या डोक्यात असलेलं "जाडं" हे विशेषण रेसिपीत आलंच नव्हतं.

मग मी वजनकाटा काढला. माझी वाटी 150 मिलिलिटरची आहे. सपाट भरून, न दाबता, तिन्ही मिठं मोजली. पाकिटातलं बारीक मीठ भरलं 182 ग्रॅम. खडेमीठ भरलं 148 ग्रॅम. सैंधवाची पूड भरली 170 ग्रॅम.

का बरं असं? तिन्ही मूळचे समुद्राचेच. पाकिटातलं मीठ बहुतेक वेळा समुद्राच्या पाण्याचंच असतं, फक्त धुऊन, शुद्ध करून, एकसारखे बारीक दाणे केलेलं. खडेमीठ म्हणजे मिठागरात पाणी आटवून गोळा केलेले स्फटिक. आणि सैंधव, ज्याला शेंदेलोणही म्हणतात, ते कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं, खाणीतून काढलेलं मीठ. गुलाबी रंगाचं सैंधव मुख्यतः पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या खेवड्याच्या खाणीतलं प्रसिद्ध आहे. तिन्हींत सोडियम क्लोराइड साधारण सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. म्हणजे पदार्थ जवळपास एकच. फरक दाण्याचा. खडे मोठे आणि वेडेवाकडे असले की त्यांच्यामध्ये हवा राहते. बारीक दाणे जवळ जवळ बसतात. वाटीत मीठ कमी आणि हवा जास्त, एवढीच गोष्ट.

आता माझ्या लोणच्याचा हिशोब करू. आईच्या एका वाटीत 148 ग्रॅम, माझ्या वाटीत 182. म्हणजे 34 ग्रॅम जास्त. बारीक मिठाचा एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे 5 मिलिलिटरचा, साधारण 6 ग्रॅमचा असतो. म्हणजे मी एक किलो फोडींवर जवळपास सहा चमचे मीठ फुकट जास्त घातलं होतं!

ते वाचवलं कसं? मीठ काढता येत नाही, पण कैरी वाढवता येते. 148 ग्रॅम एका किलोला, तर 182 ग्रॅम सव्वा किलोच्या जरा आतल्या कैरीला. म्हणून आणखी 230 ग्रॅम कोरड्या फोडी आणल्या, बिनमिठाच्या, त्याच बरणीत घातल्या, त्या प्रमाणात मसाला आणि गार केलेलं तेल वाढवलं. दहा दिवस रोज कोरड्या डावाने हलवलं. लोणचं ताळ्यावर आलं.

पण उलटी चूक जास्त वाईट आहे, ती नीट ऐका. समजा एखाद्या व्हिडिओतल्या रेसिपीत बारीक मीठ एक वाटी आहे, आणि तुम्ही "लोणच्याला खडेमीठच" म्हणून एक वाटी खडे घातले. आता 34 ग्रॅम कमी पडलं. लोणच्यात मीठ फक्त चवीला नसतं, ते फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि बुरशी, जंतू यांना वाढू देत नाही. मीठ कमी पडलं की फोडी मऊ पडतात, रसाला बुडबुडे येतात, आंबूस वास येतो, वर पांढरी, हिरवी केसाळ बुरशी धरते. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचं खाऊ नका, सगळं टाकून द्या. खारट लोणचं सुधारता येतं, बुरशी आलेलं नाही.

मग अदलाबदल करायची कशी? वजनकाटा असेल तर प्रश्नच मिटला. ग्रॅमला ग्रॅम, कुठलंही मीठ. रेसिपी वजनात नसेल तर एक साधा नियम: बारीक मिठाच्या चार वाट्या म्हणजे खडेमिठाच्या पाच वाट्या. चमच्यालाही तेच प्रमाण. सैंधवाची पूड बारीक मिठाच्या जवळच आहे, भाजी-आमटीत चमच्याला चमचा घाला, चव बघून चिमूटभर वाढवा. आईचं एक वाटी खडेमीठ बारीक मिठात हवं असेल, तर माझ्या वाटीने पाऊण वाटी आणि वर दोन सपाट चमचे.

मात्र हे आकडे माझ्या मिठाचे आहेत. तुमच्याकडचे खडे मोठे असतील तर फरक वाढेल. वजनकाटा नसेल तर एक युक्ती सांगतो. एक किलोचं सीलबंद पाकीट म्हणजे आधीच मोजलेलं वजन. त्यात तुमच्या किती वाट्या बसतात ते एकदा मोजा. माझ्याकडे बारीक मिठाच्या साडेपाच भरल्या, खडेमिठाच्या पावणेसात. हेच दोन आकडे डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवा, पुढे कधी काटा लागणार नाही.

दोन ठिकाणी जपा. एक, पावसाळ्यात खडेमिठाला पाणी सुटतं. ओल्या मिठाचं वजन केलं तर त्यात पाण्याचंही वजन येतं. आधी कोरड्या कढईत मंद आचेवर हलवून कोरडं करा, गार होऊ द्या, मग मोजा. दुसरं, सुक्या भाजीत किंवा कोशिंबिरीत खडे लवकर विरघळत नाहीत. आपण चव बघतो, अळणी लागते, आणखी घालतो, आणि जेवायला बसेपर्यंत सगळं विरघळून खारट होतं. तिथे खडे थोड्या पाण्यात विरघळवून घाला किंवा मिक्सरला फिरवा. पण फिरवल्यावर ते खडेमीठ राहिलं नाही, मापाला ते बारीक मीठ झालं. आणि हो, पादेलोण या हिशोबात धरू नका, त्याची चव आणि वासच वेगळा.

आता बाबांकडे येतो. बाबांना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी कुणीतरी त्यांना सांगितलं की सैंधवात सोडियम कमी असतं. झालं, घरात सैंधव आलं. आणि "हे हलकं आहे" म्हणून बाबा ताटात वरून पण घ्यायला लागले.

लोणच्याच्या प्रकरणानंतर मला या समजुतीतली गोम कळली. या तिन्ही मिठांच्या वजनाचा साधारण 39 टक्के भाग सोडियम असतो. सैंधवात लोह, कॅल्शियम वगैरे असतं, पण अगदी कणभर, आणि गुलाबी रंग त्याचाच. चमचाभर जाड्या सैंधवात सोडियम कमी भरतं ते खरं, पण ते हवेमुळे. आणि आमच्याकडे तर पूडच होती.

मी आईला म्हटलं, "पाकीट फोडशील त्या दिवशी त्यावर तारीख लिही." घरात माणसं तीन: आई, बाबा, आजी. एक किलोचं पाकीट 31 दिवसांत संपलं. हजार भागिले तीन भागिले 31, म्हणजे माणशी पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास रोज. थोडं पाहुण्यांचं, थोडं वाया गेलेलं धरा. पण जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि यात लोणचं, पापड, फरसाण आलेलंच नाही.

बाबा म्हणाले, "म्हणजे सैंधव वाईट?" म्हटलं, "वाईट नाही बाबा, पण मीठच आहे ते. तुम्ही नाव बदललंत, माप नाही." त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही, पण ताटातलं वरचं मीठ बंद झालं. त्यानंतरचं पाकीट 44 दिवस गेलं. गोळ्यांचं काय ते डॉक्टर बघतील, तो आपला प्रांत नाही.

अजून एक गोष्ट, जी वाटीने भरून काढता येत नाही. आयोडीन. आपल्याकडे पाकिटातल्या मिठात ते मुद्दाम घातलेलं असतं, दुकानात मिळताना किमान 15 पीपीएम, म्हणजे एका ग्रॅममागे 15 मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला त्याहून जास्त. मिठागरातलं सुटं खडेमीठ आणि सैंधव यात ते सहसा घातलेलं नसतं. त्यामुळे लोणच्याला खडेमीठ, उपासाला सैंधव, हे ठीक. पण रोजच्या भाजी-आमटीतलं मीठ पूर्ण बदलणार असाल, तर पाकिटावर "आयोडीनयुक्त" लिहिलंय का ते वाचा. घरात कुणी गरोदर असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

तर आजचं काम एवढंच. घरचं मिठाचं पाकीट घ्या, त्यावर आजची तारीख लिहा. आणि आईला फोन करून विचारा, तिची "एक वाटी" कुठल्या मिठाची आहे. उत्तर रेसिपीच्या वहीत लिहून ठेवा, एककासकट.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नका!