छडीवाचून वर्ग कसा चालवावा?
(केंद्रातील शिक्षण परिषदेत वाचलेले चर्चा-टिपण)



आजच्या चर्चेचा विषय आपणां सर्वांच्या रोजच्या अनुभवातील आहे. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंनाही मनाई केली आहे, आणि ती मोडणारा शिक्षक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. तथापि कायदा छडी काढून घेतो. तिच्या जागी काय ठेवावे, ते आपणच ठरवावयाचे आहे. माझे टिपण तेवढ्यापुरतेच आहे.

प्रथम एका मुलाची हकीकत सांगतो. चाकण औद्योगिक वसाहतीलगतच्या एका गावी, चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. आईबाप कारखान्यांत कंत्राटी कामाला, चाळीत एक खोली, धाकटी बहीण चार वर्षांची. मुलगा उशिरा येई, गृहपाठ अपुरा असे, आणि त्याबद्दल तळहातावर पट्टी बसे. वर्ष अर्धे सरले तरी दोन्ही खोडी होत्या तशाच होत्या. आळशी, असा शेरा त्याच्या नावावर कायमचा बसला होता.

त्या वर्गावर नव्या बाई आल्या. त्यांनी पट्टी कपाटात ठेवली आणि एक साधी वही केली. ज्या ज्या वेळी हात उगारावासा वाटे, त्या त्या वेळी तारीख, वेळ, काय घडले आणि त्याच्या लगेच आधी काय घडले होते, एवढेच त्या टिपून ठेवीत. दोन आठवड्यांनी वही चाळली, तेव्हा त्या मुलाविषयी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पहिल्या आठवड्यात सहांपैकी पाच दिवस तो उशिरा आला होता, पण गृहपाठ एकच दिवस राहिला होता. दुसऱ्या आठवड्यात तो एकही दिवस उशिरा आला नव्हता. मात्र गृहपाठ पाच दिवस अपुरा होता. आळस असा आठवड्याआड पालटत नसतो. पालटत होती ती आईची पाळी.

बाईंनी आईची गाठ घेतली. पहिल्या पाळीच्या आठवड्यात आईबाप दोघेही पहाटे घर सोडीत. चाळीच्या नळाला पाणी शाळेच्या वेळेसच येई. ते भरून, बहिणीला अंगणवाडीत पोचवून मुलगा शाळेत येई. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात आई सकाळी घरी असे, पण रात्री उशिरा परते. त्यामुळे संध्याकाळी बहिणीला जेवू घालणे आणि निजविणे त्याच्याकडे. पट्टीने यांपैकी काय बदलणार होते? मार खाऊन नळाची वेळ बदलत नाही.

उपाय तीन झाले. आईने शेजारणीशी बोलून त्या आठवड्यापुरते पाणी भरण्याची सोय लावली. वर्गात बाईंनी फळ्यावर रोज 'येताच करावयाचे काम' लिहिण्याचा प्रघात पाडला: चार उदाहरणे, किंवा पाच शब्दांची वाक्ये. उशिरा आलेल्या मुलाने दारात उभे राहून जबाब द्यावयाचा नाही, मुकाट्याने बसून त्या कामाला लागावयाचे. बुडालेला भाग मधल्या सुट्टीपूर्वी सोबत्याकडून समजून घ्यावयाचा. कारण विचारावयाचे ते नंतर, एकट्याला. तिसरे असे की, गृहपाठाचा आरंभ शाळेतच, शेवटच्या वीस मिनिटांत होऊ लागला. याचा एक अकल्पित लाभ झाला. या मुलास हातच्याची वजाबाकी मुळी येतच नव्हती, हे बाईंना त्या वीस मिनिटांत कळले. घरून आलेल्या कोऱ्या पानावरून 'केले नाही' आणि 'येत नाही' यांतला भेद कळत नाही.

पुढल्या महिन्यात पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो दोनदा उशिरा आला, आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात गृहपाठ एकदाच राहिला. उशीर अगदी थांबला नाही, हेही सांगितले पाहिजे; शिक्षकाच्या हाती सगळे नसते. आपल्या पूर्वसूरींनी हीच वाट दाखविली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात पाहिले की मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी मुलांना दंड केला नाही. शाळाच कुरणावर नेली.

आता गोंगाटाविषयी. एका खोलीत दोन इयत्ता असल्या की हात हमखास पट्टीकडे जातो. त्याऐवजी शांततेची एक खूण ठरवावी: शिक्षकाने हात वर करावयाचा, ज्याला दिसेल त्याने बोलणे थांबवून आपलाही हात वर करावयाचा. नुकत्याच बिहार वा उत्तर प्रदेशातून आलेल्या, मराठी न उमगणाऱ्या मुलासही ही खूण कळते. तोंडी हुकूम न समजल्याबद्दल त्याला उद्धट ठरविण्याचा प्रसंग टळतो. परंतु खूण सांगून भागत नाही, ती शिकवावी लागते. पहिला आठवडाभर रोज दोनतीनदा, गोंगाट नसतानाही, तिचा सराव घ्यावा. हात वर असताना शिक्षकाने स्वतः एक शब्दही बोलू नये. 'गप्प बसा' असे एकदा ओरडलात की खूण मेली, कारण मुले मग ओरडण्याचीच वाट पाहतात. पट्टी गेल्यावर प्रथम काही दिवस गोंगाट वाढतो. मुले नवा नियम टिकतो की नाही हे पारखीत असतात. येथेच बहुतेकजण धीर सोडतात. वहीत रोज शांत होण्यास लागलेला वेळ मोजून लिहावा. तीन आठवड्यांत तो उतरला नाही, तर दोष मुलांत न शोधता कामात शोधावा; बहुधा एका इयत्तेला हाताशी काम नसते.

मारामारी झाली, तर मात्र वाट पाहू नये. प्रथम दोघांना वेगळे करावे. अंगाला इजा होत असता दुर्लक्ष करणे हा उपाय नव्हे. दोघे निवल्यावर प्रत्येकाला एकेकट्याने विचारावे: काय झाले, कोणाचे काय बिघडले, ते भरून कसे काढशील? पाटी फोडली असेल तर आपली वापरावयास द्यावी, शाई सांडली असेल तर पुसावी. भरपाई चुकीशी जुळणारी आणि त्याच दिवशी संपणारी असावी.

शेवटी एका धोक्याची सूचना. छडी जाते आणि वेष पालटून परत येते. कोंबडा करणे, उठाबशा, वर्गाबाहेर उभे करणे, आईबापांच्या धंद्यावरून किंवा बोलीवरून टोमणा मारणे, हे पर्याय नव्हेत. शंभर वेळा लिहावयास लावणे म्हणजे लेखनाचाच तिटकारा शिकविणे होय. आणि पोषण आहार हा मुलाचा हक्क आहे. तो शिक्षेपोटी कधीही रोखू नये.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने आपली दोन आठवड्यांची वही आणावी, ही विनंती. मुलांची नावे लिहू नयेत. आपल्या नोंदींवरूनच पुढची चर्चा करू.