प्रत्येक ऑर्डरला वेगळा क्यूआर

मागच्या दिवाळीत आमच्या गटात एका रकमेवरून चांगलीच कुरबुर झाली होती. पाचशे ऐंशी रुपये. तिथूनच सुरुवात करतो.

फराळाच्या ऑर्डरी आम्ही फोनवर घेतो. अर्धा किलो चकली दोनशे वीस, एक किलो चिवडा तीनशे वीस आणि घरपोच देण्याचे चाळीस, असे पाचशे ऐंशी होतात. हा जोड लोकांना आवडतो, म्हणून एकाच दिवशी तीन घरी तोच गेला. पैसे आमच्या नेहमीच्या क्यूआरवर यायचे. संध्याकाळी खात्यात पाचशे ऐंशी दोनदाच दिसले, आणि तेही कुणाच्या नवऱ्याच्या, कुणाच्या मुलाच्या नावाने. तिसरं कोण राहिलं? आम्ही अंदाजाने एका काकूंना फोन केला. त्यांनी सकाळीच पैसे भरले होते. "तुमच्यावर विश्वास ठेवून ऑर्डर दिली, आणि आम्हालाच खोटं ठरवता?" असं त्या म्हणाल्या. इकडे बैठकीत पार्सल पोचवणाऱ्या ताईकडेच सगळ्यांच्या नजरा वळल्या. ती दोन आठवडे बैठकीला आली नाही.

चूक माणसांची नव्हती. दुकानात टेबलावर ठेवतो तो क्यूआर सगळ्यांना सारखाच असतो. त्यात फक्त पैसे कुणाला द्यायचे ते लिहिलेलं असतं. किती आणि कशाचे, ते त्यात नसतं. ते घालता येतं, हे आम्हाला उशिरा कळलं.

क्यूआर म्हणजे चौकोनात लपवलेली एक ओळ. कुठल्याही साध्या क्यूआर वाचणाऱ्या अॅपने स्कॅन केलं की ती ओळ दिसते. तिची सुरुवात `upi://pay` अशी असते. पुढे `pa` म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता आणि `pn` म्हणजे नाव. याच ओळीत `am` लिहून रक्कम घालता येते, `tr` मध्ये आपला संदर्भ क्रमांक आणि `tn` मध्ये टीप. ग्राहकाने स्कॅन केलं की रक्कम आपोआप भरलेली येते, आणि बहुतेक अॅपमध्ये ती बदलता येत नाही.

आता खात्याची अडचण सांगतो, कारण ती बऱ्याच गटांची आहे. आमच्या गटाच्या खात्यावर दोघींच्या सह्या लागतात, त्यामुळे त्याला मोबाइलचं यूपीआय जोडता आलं नाही. पैसे सचिवताईंच्या स्वतःच्या खात्यात घेतले असते तर नवा संशय सुरू झाला असता. म्हणून बँकेकडून फक्त पैसे घेण्यासाठीचा दुकानाचा क्यूआर मागून घेतला आणि त्यातलीच ओळ वापरली. तुमच्या ओळीत `sign=` असं काही दिसलं, तर ती आपण बदलू नये. ती बँकेने सही केलेली असते. अशा वेळी बँकेलाच विचारावं.

ऑर्डरींची यादी आम्ही गूगल शीटमध्ये ठेवतो. पहिल्या रकान्यात ऑर्डर क्रमांक, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात रक्कम. चौथ्यात ओळ तयार होते, पाचव्यात तिचा क्यूआर. रेडिओवर ही सूत्रं वाचून दाखवण्यात अर्थ नाही, म्हणून ती इथे छापली आहेत. यातला पत्ता नमुन्याचा आहे, तिथे तुमच्या बँकेने दिलेला घाला.

```
="upi://pay?pa=faral@bank&pn=Faral%20Gat&cu=INR&am="&TEXT(C2,"0.00")&"&tr="&A2&"&tn="&A2
```

```
=IMAGE("https://quickchart.io/qr?text="&ENCODEURL(D2))
```

दुसऱ्या सूत्रातल्या `ENCODEURL` वर आमचा एक अख्खा दिवस गेला. आधी ते आम्ही लिहिलंच नव्हतं. क्यूआर स्कॅन व्हायचा, गटाचा पत्ताही यायचा, पण रक्कम रिकामी! ओळीत `&` हे चिन्ह येतं, तिथेच चित्र बनवणारी साइट वाचायचं थांबवत होती. पत्ता पहिल्या `&` च्या आधी होता म्हणून तेवढा पोचला, बाकीचं गळलं. तेव्हा रक्कम दिसत नसेल तर आधी इथे बघा. आणि ही साइट बाहेरची आहे, त्यामुळे टिपेत ग्राहकाचं नाव किंवा फोन नंबर घालू नका. नुसता क्रमांक पुरतो.

क्रमांक आम्ही F101 पासून सुरू केले. एकपासून का नाही, ते आता कळेल. संध्याकाळी बँकेचं स्टेटमेंट उतरवून त्याच शीटच्या `Bank` नावाच्या पानावर ठेवतो. `B` मध्ये तपशील, `C` मध्ये जमा रक्कम. मग ऑर्डरीसमोर हे सूत्र:

```
=SUMIF(Bank!B:B,"*"&A2&"*",Bank!C:C)
```

तपशिलात जिथे तो क्रमांक सापडेल तिथली रक्कम ते आणून ठेवतं. पण F12 शोधायला सांगितलं, तर F127 मध्येही F12 सापडतंच. दुसऱ्याचे पैसे हिच्या नावावर पडतात. सगळे क्रमांक सारख्या लांबीचे असले की हा घोळ होत नाही. ऑर्डर बदलली तरी F127 चं F127B करत नाही, त्याच कारणाने. नवा क्रमांक देतो आणि जुनी चिठ्ठी फाडतो.

शेजारच्या रकान्यात जमा वजा रक्कम. शून्य आलं तर मिळालं. उणे पाचशे ऐंशी आलं तर यायचे आहेत. अधिक पाचशे ऐंशी आलं तर दोनदा आलेत. आपण बनवलेला क्यूआर एकदा वापरला म्हणून बंद होत नाही. नवऱ्याने दुपारी भरले आणि बायकोने संध्याकाळी पुन्हा भरले, असं एका घरी झालं. पूर्वी ते कुणाच्या ध्यानात आलं नसतं. यंदा आम्हीच फोन करून पैसे परत केले.

सुरुवात करण्याआधी एक रुपयाचा क्यूआर बनवून स्वतःच भरून बघा आणि दुसऱ्या दिवशी स्टेटमेंट उघडा. काही बँका तपशिलात टिपेची सुरुवातीची थोडीच अक्षरं ठेवतात, काही ठेवतच नाहीत. तुमचा क्रमांक तिथे दिसला नाही, तर ही जुळवणी होणार नाही. मग बँकेकडे दुकानाच्या व्यवहारांचा अहवाल मागा आणि त्यात `tr` चा रकाना आहे का ते पाहा. मोठे दुकानदार जो क्यूआर वापरतात, त्यात पैसे आले की `tr` सकट निरोप त्यांच्या संगणकाला लगेच जातो. आमचं तसं नाही. आमची जुळवणी संध्याकाळीच होते, त्यामुळे दारात ग्राहकाने दाखवलेल्या हिरव्या पडद्यावर आम्ही "पैसे मिळाले" असं लिहीत नाही.

क्यूआर व्हॉट्सअॅपवर पाठवायचं आम्ही जवळजवळ बंद केलं. ज्या फोनवर चित्र आलं, त्याच फोनने ते स्कॅन कसं करणार? गॅलरीतून उघडता येतं, पण वयस्कर ग्राहकांना ते जमत नाही, आणि मोठी रक्कम असली की एकदोघींच्या अॅपने नकारही दिला. आता चिठ्ठी छापून पिशवीवरच चिकटवतो. दारात पिशवी पुढे केली की स्कॅन होतं.

यंदाच्या फराळात शेवटी चार ऑर्डरी जुळल्या नाहीत. दोघींनी जुना क्यूआर फोनमध्ये ठेवला होता, त्यावर भरले. एकीने टीप पुसून 'दिवाळी' असं लिहिलं. चौथीचे पैसे तिच्या पुण्याच्या भावाने थेट पत्त्यावर पाठवले होते. चौघींकडून व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक मागून घेतला, स्टेटमेंटमध्ये शोधला आणि हाताने टिपला. ते काम त्या पार्सलवाल्या ताईनेच केलं. हिशोबाची शीट आता तिच्याकडे असते.