गोळी तीच, पण घरी का नाही?

मी इंदूरला मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो. आज एकाच रुग्णाबद्दल बोलणार आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय 46. स्कूटर घसरली, नडगीचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. भरती करताना घरच्यांनी सांगितलं, "कधीतरी घेतात." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला बोलावलं, कारण ते चादरीवरच्या मुंग्या वेचत होते. मुंग्या नव्हत्याच. अंग घामाने भिजलेलं, नाडी 130, हात इतके थरथरत होते की पाण्याचा पेला धरवत नव्हता. त्यांच्या पत्नीला मी बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "रोज हाफ लागते, डॉक्टर. पंधरा वर्षं झाली."

म्हणजे शेवटचा घोट घेऊन साधारण 55 तास झाले होते. सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान हा भ्रम येतो. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

असं का होतं? समजा, बाहेरून कुणीतरी रोज दार रेटतंय आणि तुम्ही आतून तितक्याच जोराने ते धरून ठेवलंय. दारू मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा जोर वाढवते. मेंदू जागा राहण्यासाठी आतून उलट जोर लावायला शिकतो. दारू एकाएकी थांबली की बाहेरचा रेटा संपतो, पण आतला जोर तसाच राहतो. तुम्ही दारासकट बाहेर कोसळता. थरथर, घाम, झटके हे ते कोसळणं आहे.

बेन्झोडायझेपिन गटातली औषधं त्याच गाबाच्या यंत्रणेवर काम करतात. दाराला बाहेरून पुन्हा हात लावायचा आणि तो काही दिवसांत हळूहळू काढून घ्यायचा, एवढंच त्यांचं काम. वेड लागल्यासारखं वागणाऱ्याला शांत करणारी दुसरी औषधं आहेत, पण ती झटके थांबवत नाहीत. त्यातली काही तर झटक्यांची शक्यता वाढवतात.

आमच्याकडे यासाठी नेहमीचं औषध क्लोरडायझेपॉक्साइड. पण या गृहस्थांचे डोळे पिवळसर होते. दुबळ्या यकृतात ते औषध साचत जातं, म्हणून लोराझेपाम निवडलं. त्याआधी रक्तातली साखर पाहिली आणि डोक्याचा सीटी स्कॅन केला, कारण स्कूटरवरून पडलेल्या माणसाच्या बडबडीचं खापर लगेच दारूवर फोडू नये. ग्लुकोज चढवण्याआधी थायमिनचं इंजेक्शन दिलं. मग दोन मिलिग्रॅम लोराझेपाम. थोडं थांबायचं, थरथर, घाम, नाडी, श्वास बघायचा आणि मगच पुढचा डोस ठरवायचा. रात्रभर सिस्टर हेच करत होत्या. सकाळी ते झोपले होते आणि हाक मारली की डोळे उघडत होते. तेवढीच गुंगी आम्हाला हवी असते.

खरी परीक्षा पाचव्या दिवशी झाली. ते पुन्हा असंबद्ध बोलू लागले. ज्युनिअर डॉक्टर डोस वाढवायला निघाला होता. मी त्यांचे हात पुढे धरायला लावले. बारीक थरथर नव्हती, पंजे पंख हलावेत तसे झुकत-उठत होते. घाम नाही, नाडी 84, सारखी पेंग येत होती. ही दारूची ओढ नव्हती. यकृत रक्तातली घाण काढू शकत नव्हतं, ती मेंदूपर्यंत पोहोचली होती. आणखी एक डोस दिला असता तर ते कोमात गेले असते. औषध थांबवलं, लॅक्टुलोज सुरू केलं. दोन दिवसांत शुद्ध आली.

आदल्याच दिवशी त्यांच्या पत्नीने मला विचारलं होतं, "डॉक्टर, गोळ्या लिहून द्या ना, मी घरीच देत जाईन. खर्च झेपत नाही." प्रश्न रास्त होता. त्रास सौम्य असेल, पूर्वी कधी झटके आले नसतील, सोबत सतत कुणी असेल आणि रोज तपासायला येता येत असेल, तर आम्ही घरीही उपचार करतो. गोळ्या एका वेळी एक-दोन दिवसांच्याच देतो. पण यांचं तसं नव्हतं. शिवाय गोळीवर दारू पडली तर दोन्ही मिळून श्वास मंदावतात. ज्याला आपण गाढ झोप समजतो, ती झोप नसते. आणि पाकीट हाताशी राहिलं तर दारूच्या जागी गोळीची सवय लागते.

हे सगळं मी त्यांना डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं. थायमिनच्या गोळ्या लिहिल्या, झोपेची एकही नाही. चार दिवसांनी परत यायला सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग पर्समधून अल्प्राझोलमचं अर्धं पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "शेजारच्या काकूंनी दिलं होतं. आज रात्रीच देणार होते."