मत ठेवा, शब्द मागे घ्या

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!

मायबापहो, तुम्ही आज देहूहून चालत आलात. तुकोबारायांची पालखी आकुर्डीला विठ्ठल मंदिरात मुक्कामाला थांबली आणि तिथं पाय ठेवायला जागा नाही, म्हणून तुमच्यातली काही मंडळी इथं चिंचवडला, पवनेच्या काठी उतरली. आत्ता आपण सगळ्यांनी गजर केला. त्या गजरात विठ्ठलाच्या आधी नाव कुणाचं आलं? पुंडलिकाचं. पंढरीला गेल्यावरसुद्धा आधी चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाचं दर्शन, मग राउळात देवाचं. आणि हा पुंडलिक मूळचा कसा होता? आईबापांना टाकून बोलणारा!

कथा तुम्हाला माहीत आहे. जानुदेव आणि सत्यवतीचा हा मुलगा. काशीयात्रेला निघाला तर स्वतः बायकोसह घोड्यावर, आणि म्हातारे आईबाप पायी. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मुक्काम पडला. पहाटे त्यानं पाहिलं, मळक्या वस्त्रांच्या तीन स्त्रिया आल्या, त्यांनी आश्रम झाडला, सडा घातला, आणि जाताना त्या लख्ख होऊन गेल्या. त्या गंगा, यमुना, सरस्वती. ज्यानं काशीची वाटही पाहिली नव्हती, त्या ऋषीच्या दारात नद्या पावन व्हायला येत होत्या, कारण तो आईबापांची सेवा करत होता. पुंडलिकाचे डोळे तिथं उघडले.

ही कथा मी गावोगाव सांगितली. आणि माउली, ज्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा सांगितली, त्याच वर्षी मी माझ्या बापाला नको ते बोललो. आज तेच सांगतो. दुसऱ्याचं उदाहरण देण्यापेक्षा स्वतःचं दिलेलं बरं.

आमची खेड तालुक्यात थोडी जमीन, आप्पांच्या नावावर. चाकणला कंपन्या आल्या, रस्ते रुंद झाले, आणि गिऱ्हाईक दारात येऊ लागलं. इकडे चिंचवडला आम्ही सहा माणसं दोन खोल्यांत. माझं म्हणणं, जमीन विकू, मोठं घर घेऊ. आप्पा म्हणाले, "विहिरीचा तुकडा मी विकणार नाही." माझं म्हणणं काही पापाचं नव्हतं, त्यांचंही वेडेपणाचं नव्हतं. रविवारी जेवायला बसलो होतो. मेहुणे आले होते, बायको वाढत होती, आई होती, माझी सात वर्षांची पोरगी होती. विषय निघाला, आवाज चढला, आणि मी म्हणालो, "तुम्हाला काय कळतंय व्यवहारातलं? जन्मभर कंपनीत पाना फिरवला तुम्ही!"

आप्पांनी ताटातच हात धुतला आणि उठले.

भांडण तिथं संपलं असं मला वाटलं. संपलं नव्हतं. कसं कळलं सांगतो. आप्पा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. पण "आपल्या घरात" म्हणायचे ते "तुमच्या घरात" म्हणू लागले. पाणी हवं असलं तरी नातीकरवी मागू लागले. म्हातारा माणूस घरात असा पाहुण्यासारखा वागू लागला, की समजावं, शब्द अजून रुतलेला आहे.

मग मी माफी मागितली. पण कशी? पहिल्यांदा पेढ्यांचा पुडा आणला आणि पायांवर डोकं ठेवलं. तोंडातून शब्द नाही. त्यांनी सवयीनं आशीर्वाद दिला, पेढा नातीला दिला. दुसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या दारात एकटे सापडले तेव्हा म्हणालो, "आप्पा, काही चुकलं असेल तर माफ करा, पण तुम्हीही जरा समजून घ्यायला हवं होतं." ते म्हणाले, "बरं." झालं! त्या "बरं"नंतर अबोला आणखी वाढला. का वाढेल नाही? "चुकलं असेल तर" म्हणजे चुकलं की नाही ते माझं मलाच मान्य नाही. आणि "पण" म्हटल्याबरोबर माफी संपली, भांडण परत सुरू झालं.

माझ्या मनात एकच अडत होतं. मी खोटं कुठं बोललो? एकतीस वर्षं ते फिटरच होते. मायबापहो, गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचं तप सांगितलं आहे. बोलणं सत्य हवं, प्रिय हवं, हिताचं हवं, आणि ऐकणाऱ्याच्या मनाला उद्वेग न देणारं हवं. चारही एकत्र हवीत. मी त्यातलं एक उचललं आणि त्याचाच दगड करून बापाला मारला.

मग एक दिवस आप्पा नातीला गणित समजावत होते. ती वैतागली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला काय कळतंय?" तोच शब्द, तोच सूर! मी ऐकलं आणि खाली बसलो. आई म्हणाली, "चौघांत बोललास, आणि माफी दाराआड मागतोस? पोरीनं शिवी ऐकली, माफी ऐकली का?"

पुढच्या रविवारी मेहुण्यांना पुन्हा जेवायला बोलावलं. जेवणं झाली, तीच सगळी माणसं समोर होती. मी म्हणालो, "आप्पा, त्या दिवशी मी म्हणालो की तुम्ही जन्मभर पाना फिरवला. त्या पान्यावर माझी शाळा झाली, बहिणीचं लग्न झालं, ही खोली झाली. मी तुमच्या कष्टाचा अपमान केला, ह्या सगळ्यांसमोर केला. ते माझं चुकलं. जमिनीबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण ते वेगळं. तुमची सही तुमच्या मर्जीची." एवढंच बोललो आणि गप्प बसलो. "माफ केलं म्हणा" असा हट्ट धरला नाही. मारणाऱ्यानं मलम लावावं, पण जखम कधी भरेल हे त्यानं ठरवू नये.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सुनेला म्हणाले, "आपल्याकडे दूध आहे का? चहा टाक सगळ्यांना." आपल्याकडे! माउली, मला माझं उत्तर मिळालं.

जमिनीचं काय झालं, असं तुम्ही मनात म्हणत असाल. विहिरीचा तुकडा तसाच आहे आणि आम्ही अजून दोन खोल्यांत आहोत. माफी मागितली म्हणून बाप सही करेल अशी आशा ज्यानं धरली, त्यानं माफी मागितलीच नाही, सौदा केला.

आता पुंडलिकाकडे परत चला. त्याच्या तोंडी कथेत क्षमेचं लांबलचक भाषण नाही. पूर्वी त्यानं आईबापांना मागं चालवलं होतं. पुढे ते निजले असताना त्यांचे पाय चेपत बसला, साक्षात देव दारात आला, तर वीट फेकून त्यालाच म्हणाला, थांब! ज्यांना मागं टाकलं होतं त्यांना देवाच्याही पुढं नेलं. अपराध जिथं केला, तिथंच भरून काढला.

उद्या वाटेनं चालताना ज्याला ज्याला आपला असा शब्द आठवेल, त्यानं पंढरीपर्यंत थांबू नये. घरी फोन करायचा, तो शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारायचा, आणि पुढं "पण" लावायचा नाही. आणि परतल्यावर तेच पुन्हा सांगायचं, ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोर.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!