गायरानाचा खटला: दिवाणी दावा की रिट अर्ज?

(हट्टा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तहसीलची नोटीस आली की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येते: ‘आता हायकोर्टात जाऊ.’ १९८१ पूर्वी हे बोलणे सोपे आणि करणे कठीण होते, कारण मराठवाड्याच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. त्या वर्षी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ बसू लागले आणि वाट जवळ आली. परंतु वाट जवळ आली म्हणून तीच प्रत्येकाची वाट ठरत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलेल्या जनहित याचिकेत गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. अशा नोटिसा मिळालेली दोन माणसे आपण डोळ्यांपुढे आणू.

पहिला भूमिहीन. त्याचे कुटुंब १९८५ पासून गायरानाचा तुकडा कसते. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. त्यानुसार याने अर्ज केला; तो अद्याप निकालात निघालेला नाही. हा माणूस ‘जमीन माझ्या मालकीची’ असे म्हणतच नाही. ‘शासनाने स्वतः घालून दिलेल्या नियमाप्रमाणे माझ्या अर्जाचा निर्णय करा आणि तोवर मला उठवू नका’, एवढेच त्याचे मागणे आहे. अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्य करावयास लावणे हे रिटचे काम. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील अर्ज त्याच्यासाठीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यास सांगितले, हे सरकारी वकील हमखास पुढे करतात. त्याच निकालात शासकीय अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल, तर तो अपवाद मानला आहे, ही गोष्ट मात्र ते सांगत नाहीत. आपल्या माणसाला अजून पट्टा मिळालेला नाही, हे खरे. म्हणूनच त्याचा अर्ज निकालात निघणे निकडीचे आहे.

मात्र रिट अर्ज शपथपत्रांवर चालतो. तेथे साक्षीदाराची उलटतपासणी सहसा होत नाही. ‘कब्जा १९८५ चा नाही, २००५ चा आहे’ असे तलाठ्याने लिहून दिले आणि आपल्याजवळ कागद नसला, तर न्यायमूर्ती म्हणतात, हा वस्तुस्थितीचा वाद आहे, तो येथे सुटणार नाही. म्हणून अर्जाआधी गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, जुने पीकपाहणीचे उतारे आणि दंडाच्या पावत्या यांच्या नकला काढाव्यात. दंडाची पावती पुष्कळजण लाजेने फाडून टाकतात. वास्तविक त्या काळी कब्जा होता, हे सरकारनेच दिलेले लेखी प्रमाण आहे.

दुसरा माणूस निराळा. त्याच्या वडिलोपार्जित शेताचा काही भाग मोजणीत गायरानात दाखविला गेला. त्याचा वाद मालकीचा आहे. जुने दस्त, हद्दीच्या खुणा, मोजणीदाराची साक्ष हे सारे तपासावे लागेल. त्याने उच्च न्यायालयात धाव घेतली, तर बहुधा ‘दिवाणी न्यायालयात जा’ एवढे ऐकून परत यावे लागेल. त्याची वाट मालकी जाहीर करून मिळण्याच्या आणि मनाई हुकुमाच्या दाव्याची. कब्जा गेला असेल, तर केवळ जाहीरनामा मागून भागत नाही. कब्जाही मागावा लागतो, नाहीतर विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे जाहीरनामाही नाकारला जातो.

या वाटेवर दोन खड्डे आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम २० खाली जिल्हाधिकाऱ्याने चौकशी करून जमीन सरकारची ठरविली असेल, तर त्या हुकुमापासून, किंवा अपील केले असल्यास अपिलातील अखेरच्या हुकुमापासून, एका वर्षाच्या आत दावा पडला पाहिजे. हुकुमाची रीतसर सूचना मिळालेली असूनही वर्ष उलटू दिले, तर सरकारने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी दावा फेटाळला जातो. रिटच्या नादात हे वर्ष गेलेला माणूस दोन्हीकडून उघडा पडतो.

दुसरा खड्डा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० चा. सरकारवर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि बुलडोझर दोन महिने थांबत नसतो. १९७६ च्या दुरुस्तीने यावर उपाय ठेवला: तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा दाखल करता येतो. पण सरकारला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज अंतरिम मनाई मिळत नाही, आणि तातडी पटली नाही तर दावा परत केला जातो. म्हणून कुणकुण लागताच नोटीस द्यावी. पुढे तातडी उद्भवली, तरी तेवढे दिवस पदरात पडतात. नोटिशीत वादीचे नाव, वर्णन व राहण्याचे ठिकाण, दाव्याचे कारण आणि मागणी लिहून ती हिंगोलीला जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावी व पोच घ्यावी. दाव्यात प्रतिवादी म्हणून ‘महाराष्ट्र शासन’ लिहावे, एकट्या तहसीलदाराचे नाव पुरत नाही. आणि नोटीस दिल्याचे विधान दाव्यातच करावे लागते.