उन्हातली शर्यत आणि थांबण्याचा निर्णय

(हीरक महोत्सवी वर्षातील क्रीडासप्ताहाच्या उद्घाटनप्रसंगी माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाची संहिता)



7 ऑगस्ट 1954 हा दिवस क्रीडाजगताच्या स्मरणात आहे तो व्हँकुव्हर येथील एक मैलाच्या शर्यतीमुळे. चार मिनिटांच्या आत मैल धावलेले बॅनिस्टर आणि लँडी हे दोघे वीर त्या दिवशी समोरासमोर उभे ठाकले होते. ती शर्यत संपली, टाळ्यांचा कडकडाट विरला आणि थोड्याच वेळात त्याच क्रीडांगणाच्या प्रवेशद्वारातून एक कृश देहाचा धावपटू आत आला. तो होता इंग्लंडचा जिम पीटर्स, राष्ट्रकुल स्पर्धेच्या मॅरेथॉनमधील आघाडीचा धावपटू. अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी त्याने 2 तास 17 मिनिटे 39 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली होती. इतक्या कमी वेळात ते अंतर तोवर कोणीही कापले नव्हते.

प्रेक्षक उभे राहिले. पण पीटर्सचे पाय सरळ पडत नव्हते. तो झोकांड्या खात पुढे आला, कोसळला, उठला, पुन्हा कोसळला. कधी आडवा गेला, कधी रांगला. धावपट्टीवरचे दोनशे मीटरहून कमी अंतर कापायला त्याला सुमारे 11 मिनिटे लागली. इतर शर्यतींसाठी आखलेली रेषा त्याने ओलांडली, तेव्हा त्याच्या संघाच्या मालीशवाल्याने त्याला सावरून धरले. मॅरेथॉनची अंतिम रेषा मात्र अजून सुमारे दोनशे मीटर पुढे होती. दुसऱ्याचा हात लागला म्हणून पीटर्स शर्यतीतून बाद झाला, त्याला रुग्णालयात न्यावे लागले आणि त्यानंतर तो पुन्हा कधीही शर्यतीत धावला नाही. त्याच्या धैर्याच्या गौरवार्थ पुढे ड्यूक ऑफ एडिंबरो यांनी त्याला खास पदक पाठविले. ते पदक कौतुकास्पद खरेच, पण त्या पदकाने एक प्रश्न झाकून टाकला.

तो प्रश्न साध्या गणिताचा आहे. पीटर्स क्रीडांगणात शिरला तेव्हा त्याच्या मागचा धावपटू जवळजवळ 17 मिनिटांच्या अंतरावर होता. त्याच्या नेहमीच्या वेगाने 17 मिनिटे म्हणजे पाच किलोमीटर! शेवटचे दोन किलोमीटर तो रमतगमत चालला असता, तर सुमारे 20 मिनिटे लागली असती. धावून लागणारी सात मिनिटे त्यातून वजा केली, तर तोटा केवळ 13 मिनिटांचा. म्हणजे चालत येऊनही सुवर्णपदक त्याचेच होते. परंतु मागचे अंतर त्याला ठाऊक नव्हते. त्याचाच सहकारी स्टॅन कॉक्स आपल्या पाठीवर आहे, अशी त्याची समजूत होती. वस्तुतः कॉक्स शेवटच्या टप्प्यात उन्हाने बेजार होऊन केव्हाच शर्यतीबाहेर पडला होता. सोळांपैकी सहाच धावपटू अंतिम रेषेपर्यंत पोहोचले, आणि सुवर्णपदक मिळाले ते स्कॉटलंडच्या जो मॅकगी याला, आपली चाल न सोडता मागून आलेल्या धावपटूला.

'मोडेन पण वाकणार नाही' ही आपल्याकडची म्हण पीटर्सला तंतोतंत लागू पडते. उन्हातल्या शर्यतीत मात्र तिचा पूर्वार्ध शब्दशः खरा ठरण्याचा धोका असतो.

आणि त्या दिवशीचे तापमान किती होते? 28 अंश सेल्सिअसच्या आसपास. आपल्यापैकी अनेकांना हे ऐकून हसू येईल. वैशाखात 42 अंशांत भाजी आणायला जाणाऱ्यांना 28 अंश म्हणजे थंडावाच. पण भाजी आणणारा माणूस आणि शर्यत धावणारा माणूस यांच्या शरीरात फार मोठा फरक आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून पुढचे सारे अधांतरी राहील.

धावताना शरीर जे इंधन जाळते त्यातला लहानसा हिस्साच पायांना गती देतो, बाकीच्याची उष्णता होते. 60 किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर धावला की साधारण 60 किलोकॅलरी खर्च होतात. याच माणसाच्या देहात 50 किलोकॅलरी उष्णता साचून राहिली, तर त्याचे तापमान एका अंशाने चढते. म्हणजे तयार झालेली उष्णता बाहेर पडलीच नाही, तर जवळजवळ प्रत्येक किलोमीटरला अंशभर ताप! आपण असे पेटून उठत नाही, कारण घाम येतो. मात्र घाम गळून काही होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावरून वाळून गेला की सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपकला तर काहीच नेत नाही. म्हणून कोलकाता किंवा चेन्नईच्या दमट हवेतले 30 अंश हे इंदूरच्या कोरड्या हवेतल्या 35 अंशांपेक्षाही धावपटूला घातक ठरू शकतात. तापमापकाचा आकडा पाहून निश्चिंत होणाऱ्यांनी आर्द्रतेचा आकडाही पाहावा, सदरा अंगाला चिकटतो की सुटा राहतो तेही पाहावे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. उष्णतेचा उगम मुख्यतः वेगात आहे. त्या काळी शर्यतीत पाणी पिणे हे कच्चेपणाचे लक्षण मानले जाई. आज उलट टोक दिसते, पाण्याची बाटली हातात असली की उष्माघात होत नाही असा समज पसरला आहे. पाणी हवेच, तहान लागेल तसे प्यावे. पण पोटात पाणी असूनही, अवघ्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत, वेगाने धावणारे तरुण उष्माघाताने कोसळतात. तहानेची पर्वा न करता घोटामागून घोट पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरून वेगळेच संकट ओढवते. उन्हातला खरा उपाय एकच, वेग कमी करणे. तो केला की उष्णतेची निर्मितीच घटते.

आता धोक्याच्या खुणांकडे वळू. पहिली खूण सौम्य असते आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. वेग तोच असतो, रस्ता सपाट असतो, तरी श्वास जड होतो आणि नाडी नेहमीपेक्षा मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी अधिक चालते. शरीराने रक्त त्वचेकडे वळविलेले असते, स्नायूंच्या वाट्याला कमी येते. या टप्प्यावर घड्याळाकडे पाहणे सोडून श्वासाकडे पाहावे, वेग उतरवावा, डोक्यावर व मानेवर पाणी ओतावे. इथे गती कमी करणारा धावपटू बहुधा शर्यत पूर्ण करतो.

दुसरी खूण विचित्र असते. भर उन्हात अंगावर काटा येतो, हुडहुडी भरल्यासारखे वाटते. डोके ठणकते, मळमळते. उन्हात थंडी वाजणे हे सुखद वाटून काहीजण आणखी जोराने धावतात, ही मोठी दुर्दैवी गोष्ट. ही खूण दिसली की शर्यत संपली असे समजावे, सावलीत जावे, कोणाला तरी सांगावे, एकटे बसू नये.

तिसऱ्या खुणेचा निर्णय धावपटूने करायचाच नसतो, कारण तो तिला ओळखूच शकत नाही. शरीराचे आतले तापमान चाळीस अंशांच्या वर गेले की मेंदूचा तोल सुटतो. ज्या बुद्धीने थांबायचे ठरवायचे तीच आधी मंदावते. पीटर्सला आपण कोठे आहोत हे नीट उमगत नव्हते, तरी पाय पुढे पडत होते, कारण वर्षानुवर्षांच्या सरावाने ते विचारावाचून पडतात. म्हणून कोठे थांबायचे हे घरून निघतानाच ठरवावे आणि सोबतच्या माणसाला सांगून ठेवावे. 'असे असे दिसले तर मला बाहेर काढ, मी नाही म्हटले तरी काढ' हा करार शर्यतीच्या आदल्या रात्री होतो, चौतिसाव्या किलोमीटरवर होत नाही.

रस्त्याकडेला उभ्या पालकांनी काय पाहावे? चाल तिरपी होते, हात विसंगत हलतात, चेहरा पांढरा किंवा लालबुंद पडतो. मग नाव विचारावे, शाळा विचारावी, किती किलोमीटर झाले ते विचारावे. उत्तर चुकले, उशिरा आले, किंवा एरवी शांत असलेला मुलगा खेकसला, तर ही उष्माघाताचीच खूण मानावी.

येथे एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. 1984 साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन प्रथमच झाली. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन शेवटचे पाणीकेंद्र चुकली आणि क्रीडांगणात आली ती एका बाजूला झुकून, एक पाय ओढत. डॉक्टर जवळ आले तशी ती बाजूला झाली, कारण त्यांचा हात लागला की बाद होण्याची भीती होती. तिला घाम येत आहे हे पाहून डॉक्टरांनी तिला पुढे जाऊ दिले. शेवटची फेरी तिने पाच मिनिटे 44 सेकंदांत पूर्ण केली, 37वी आली आणि सुदैवाने लवकर सावरली. घाम आटून त्वचा कोरडी पडणे हे लक्षण उन्हात बसून राहिलेल्या वृद्धांच्या उष्माघातात दिसते. धावणाऱ्याच्या उष्माघातात अंग बहुधा घामाने निथळत असते. तेव्हा घाम दिसला म्हणून धोका नाही, असे कोणी मानू नये. पुढे नियमही बदलले. आता डॉक्टरांनी हात लावून तपासले एवढ्यावरून धावपटू बाद होत नाही. पीटर्सला हा नियम लाभला असता, तर तो अकरा मिनिटे एकटा रांगला नसता.

कोसळलेल्याला काय करावे? आधी थंड करावे, मग रुग्णालयात न्यावे. हा क्रम उलटा झाला की वाटेतल्या वाहतुकीत मौल्यवान वेळ जातो. रुग्णवाहिकेला फोन त्याच क्षणी करावा, पण ती येईपर्यंत हातावर हात धरून बसू नये. मोठ्या टबात बर्फ आणि पाणी घालून त्याला गळ्यापर्यंत बसवावे, डोके कोणीतरी सतत धरून ठेवावे. टब नसेल तर सावलीत झोपवून सर्वांगावर थंड पाणी ओतावे, काखेत, मानेवर, जांघेत बर्फ ठेवावा, जोराने वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. काखेतला तापमापक अशा वेळी फसवा असतो, आकडा कमी दाखवतो. डॉक्टर आतले तापमान गुदमार्गे मोजतात, आणि ते 39 अंशांच्या आसपास आले की टबातून बाहेर काढतात. अमेरिकेतील फॅलमाउथ येथील उन्हाळी शर्यतीत 18 वर्षांत उष्माघाताच्या 274 धावपटूंवर जागच्या जागी असेच बर्फाच्या पाण्याने उपचार झाले, आणि त्यातला एकही दगावला नाही.

जिम पीटर्स त्यानंतर चष्म्यांच्या व्यवसायात रमला आणि ऐंशी वर्षांचा होईपर्यंत जगला. आपण त्या दिवशी मेलो नाही हे नशीब, असे तो पुढे सांगत असे. यंदा शाळेच्या पाच किलोमीटरच्या दौडीची वेळ सकाळी सहाची ठेवली आहे. मैदानाच्या पूर्व कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ, दोन मोठे टब आणि बर्फाची लादी असेल. सोबत येणाऱ्या पालकांनी ती जागा आधी पाहून ठेवावी.